नावाखालच्या चार ओळी

परभणीच्या माणसाला स्वतःच्या गावाबद्दल बोलायला दोन वाक्यं तयार मिळतात. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. दुसरं, बदल्यांच्या गप्पांत हमखास निघणारं, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. मी दोन्ही ऐकत मोठा झालो. एकानं छाती फुगते, दुसऱ्यानं मान खाली जाते. पण परभणीत काय पिकतं, हे दोन्हींतून कळत नाही.

गेल्या दिवाळीत सेलूला बहिणीकडे गेलो, तेव्हा तिच्यापुढे अशीच दोन टोकं पडली होती. ती एका शेतकरी उत्पादक कंपनीत सोयाबीनच्या बियाण्याची गुणवत्ता तपासते. कंपनीचं संकेतस्थळ तयार होत होतं आणि 'आमच्याविषयी' या पानावर तिच्या फोटोखाली चार ओळी हव्या होत्या. संकेतस्थळ करणाऱ्या मुलानं लिहून पाठवलं होतं : 'बियाणे उद्योगातील अग्रगण्य नाव, शेतकऱ्यांच्या जीवनात परिवर्तन घडवणारे बहुआयामी व्यक्तिमत्त्व.' ते वाचून ती संकोचली आणि तिनं स्वतः लिहिलं : 'एम.एस्सी. कृषी, मराठवाडा कृषी विद्यापीठ, 2004. अनुभव 19 वर्षे. विविध प्रशिक्षणांत सहभाग.'

पहिला मजकूर सत्काराच्या मंचावरून उतरला होता. तिथे तो चालतो, कारण बोलणारा दुसरा असतो आणि सत्कारमूर्ती खाली मान घालून बसलेली असते. तेच शब्द आपल्या फोटोखाली आपल्याच कंपनीनं छापले की साक्षीदार उरत नाही. दुसरा मजकूर नोकरीच्या अर्जातला. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं, पण तिचं नाव काढून वर्गातल्या कुठल्याही मैत्रिणीचं घातलं तरी तो तसाच बसेल. पहिल्यालाही हीच कसोटी लावून पाहिली. त्यात तर कुणाही आमदाराचं नाव बसत होतं.

"दादा, आपणच आपलं कसं सांगायचं?" ती म्हणाली. हा संकोच मला समजतो, आपल्याकडे तो संस्कारच आहे. पण आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालते आणि दळण, कांडण, झाडलोटही त्यात आणते. त्याला कुणी बढाई म्हटलेलं नाही. नाव आणि काम शेजारी ठेवलं की ती माहिती होते.

म्हणून मी तिला वैशिष्ट्यं विचारली नाहीत. परवा सकाळी काय केलंस, एवढंच विचारलं. मग ती बोलायला लागली. लॉट आला की त्यातून नमुना काढायचा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी मारत राहायचं आणि आठवड्याभरानं धडधाकट कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर प्रमाणित बियाण्याच्या निकषात बसतं. सोयाबीनची साल पातळ असते. मळणी यंत्र जोरात फिरलं किंवा पोतं उंचावरून आदळलं तर दाणा वरून चकचकीत दिसतो आणि आत कोंब मेलेला असतो. "डोळ्यानं फसतं ते, गोणपाटात कळतं," ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज कुठेच चाचरला नाही.

पुढे तिनं जे सहज सांगितलं, ते दोन्ही मजकुरांत नव्हतं. 2019 च्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. पुढच्या खरिपात, 2020 साली, मराठवाडाभर बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारी झाल्या. त्या उन्हाळ्यात तिनं सभासदांचे कितीतरी लॉट परत पाठवले होते. त्यांत सासऱ्यांची पोतीही होती.

"हे लिही."

"त्यात काय लिहायचं? त्या वर्षी कंपनीचा धंदा बसला."

माझ्या मते तिच्या 19 वर्षांतली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच होती. बियाणं घेणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की वाईट माल आला तर ही बाई नाही म्हणते का.

नमुना म्हणून मी तिच्यापुढे 'परभणी क्रांती' ठेवली. तिच्याच विद्यापीठाची ही भेंडी. 'पुसा सावनी'चा रानटी जातीशी संकर करून 1980 च्या दशकात काढलेली. वाणाची ओळख करून देताना माणसं किती नेमकं लिहितात! आईबाप कोण, कुठल्या रोगाला दाद देत नाही, तोडा किती दिवसांनी. नावात क्रांती असली तरी वर्णनात 'क्रांतिकारी' म्हणावं लागत नाही. पुढे बऱ्याच ठिकाणी हीच भेंडी हळद्या रोगाला बळी पडू लागली. म्हणून दाव्याला साल जोडावं लागतं. कालचं खरं आज खरं असेलच असं नाही.

मग लिहायला बसलो. मुलाच्या मजकुरातलं एकेक विशेषण खोडून त्याच्या जागी क्रियापद ठेवत गेलो. 'अग्रगण्य' गेलं, 'तपासतात' आलं. पदवी सुरुवातीपासून शेवटाकडे सरकली, कारण वाचणाऱ्याला आधी ही बाई आज काय करते ते हवं असतं. सगळ्यात जास्त वेळ 'आम्ही' या शब्दानं घेतला. ती प्रत्येक गोष्ट आम्ही केली म्हणत होती. त्यात तिचं काम दिसेना. 'मी' म्हटलं असतं तर दोन सहकाऱ्यांचं काम गेलं असतं. शेवटी तिघांची संख्या घातली आणि निर्णय तिचा असतो, हे वेगळं लिहिलं. पानावर सगळ्यांचे परिचय 'त्या' आणि 'ते' असे होते, म्हणून तिचाही तसाच ठेवला. एकटीचं पान असतं तर मी 'मी' लिहायला लावलं असतं.

झालं ते असं : 'सोयाबीनचं बियाणं पिशवीत भरण्याआधीची शेवटची तपासणी त्या करतात. सभासद शेतकऱ्यांकडून आलेल्या प्रत्येक लॉटची उगवण त्या आणि त्यांचे दोन सहकारी तपासतात. लॉट घ्यायचा की परत करायचा, हे त्या ठरवतात. प्रमाणित बियाण्याला 70 टक्के उगवण पुरते, त्या 75 च्या खाली घेत नाहीत. 2019 च्या पावसात भिजलेल्या हंगामातले जवळजवळ निम्मे लॉट त्यांनी परत पाठवले. घरच्या बियाण्याची उगवण गोणपाटावर कशी पाहावी, हे पेरणीआधी त्या गावोगाव दाखवतात. 2004 साली परभणीच्या कृषी विद्यापीठातून त्यांनी एम.एस्सी. केलं.'

पाठवण्याआधी हा परिचय कुणा जाणत्यासमोर मोठ्यानं वाचावा, असं मी म्हटलं. फुगवलेलं वाक्य वाचताना जीभ आपोआप घाईला येते आणि ऐकणाऱ्याची नजर खाली जाते. ओसरीवर सासरे बसले होते. तिनं त्यांनाच वाचून दाखवलं. निम्म्या लॉटपाशी त्यांनी हात वर केला.

"निम्मे नव्हते, बाई. माझी पोती परत आली तवा लई राग आलता, म्हणून ध्यानात हाय. तिसरा हिस्सा व्हता."

तिनं कपाटातून त्या वर्षाची नोंदवही काढली. 41 पैकी 14 लॉट. संकेतस्थळावर आता तोच आकडा आहे.