दराचे टप्पे आणि खरी चौकशी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी गावाकडे काहीतरी बनवत असेल: कुणाचा मामा कोल्हापुरात चपला, कुणाची आत्या सांगलीत हळद. आणि कधीतरी फोनवर तुम्हाला हमखास ऐकू येतं, "तू तिकडेच आहेस, आमचा माल तिकडे विकता येईल का बघ." माझ्याकडे हा फोन सोलापूरहून, मावसभावाकडून आला. दादाचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ पॉवरलूम. माल उत्तम, पण सगळा मुंबईच्या दोन घाऊक व्यापाऱ्यांना जातो आणि पैसे नव्वद-नव्वद दिवसांनी येतात. तेवढे दिवस सुताच्या व्यापाऱ्याला थोपवून धरायचं काम वहिनीकडे.

मी लेस्टरला राहते. घाऊक खरेदीदारांच्या एका आंतरराष्ट्रीय प्लॅटफॉर्मवर आम्ही दादाची नोंदणी उत्पादक म्हणून केली. जीएसटी आणि आयात-निर्यात कोडची कागदपत्रं, मागांचे फोटो, महिन्याची क्षमता दहा हजार नग, हे सगळं भरायला दोन संध्याकाळी पुरल्या. खरं काम पुढे होतं. दराचा तक्ता कसा लावायचा आणि येणाऱ्या चौकशांतून खरं गिऱ्हाईक कसं ओळखायचं? त्याबद्दलच सांगते, कारण पुढचा फोन तुम्हाला येणार आहे.

आधी किमान ऑर्डर. हा आकडा मनाने ठरवायचा नसतो, तो कारखान्यातच कुठेतरी दडलेला असतो. दादाचा मुख्य टॉवेल ७० बाय १४० सेंटीमीटरचा, ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा. एक नग साधारण ४४० ग्रॅम भरतो. त्याच्या रंगाईवाल्याचं सगळ्यात लहान मशीन दीडशे किलोचं आहे, आणि ते निम्मं रिकामं चालवलं तरी खर्च जवळपास तेवढाच. तीनशे टॉवेल म्हणजे १३२ किलो. म्हणून किमान ऑर्डर तीनशे, आणि तीही एका रंगाची. हे "एका रंगाची" तक्त्यातच लिहा. नाहीतर गिऱ्हाईक तीनशे टॉवेल सहा रंगांत मागतं आणि आपण काय कबूल केलंय हे रंगाईवाल्याकडे गेल्यावर कळतं.

आता टप्पे. दादाला एका टॉवेलमागे सूत, विणाई, रंगाई, शिलाई आणि पॅकिंग धरून १९० रुपये पडतात. शिवाय एका रंगाच्या प्रत्येक ऑर्डरमागे बीम बदलणं, रंगाचा नमुना, लेबलं आणि निर्यातीची कागदपत्रं यांचा साधारण १८ हजारांचा खर्च येतो. तो नग कितीही असले तरी तेवढाच. टप्प्यांचं कारण हा १८ हजारांचा आकडाच आहे. तीनशे नगांत तो नगामागे ६० रुपये होतो, तीन हजारांत सहा.

पुतण्याने पहिला तक्ता सुटसुटीत केला होता: ३०० ते ९९९ नगांना २८५ रुपये, १००० पासून पुढे २४०. दिसायला छान, पण हिशेब करून बघा. ९०० नगांचं बिल २,५६,५०० रुपये होतं आणि १००० नगांचं २,४०,०००. म्हणजे शंभर टॉवेल जास्त घेतले की बिल साडेसोळा हजारांनी कमी! गिऱ्हाईक खुशाल हजार मागवेल. दादाचा नफा मात्र ६७,५०० वरून ३२,००० वर येतो, आणि शंभर टॉवेल जास्त विणायचे ते वेगळेच.

टप्प्याच्या कडेला नफा थोडा घसरतोच, ते टळत नाही. मी एक साधा नियम लावला: नव्या टप्प्याच्या पहिल्या ऑर्डरवर, खालच्या टप्प्याच्या मधल्या ऑर्डरइतका तरी नफा सुटला पाहिजे. त्यातून असा तक्ता निघाला: ३०० ते ५९९ ला २८५, ६०० ते ११९९ ला २६२, १२०० ते २९९९ ला २४८, आणि ३००० पासून २३८. पडताळून बघा: ४५० नगांवर २४,७५० रुपये सुटतात आणि ६०० वर २५,२००. ९०० वर ४६,८०० आणि १२०० वर ५१,६००. सुताचा भाव हलला की १९० चा आकडा हलतो, म्हणून दराखाली "पंधरा दिवसांसाठी" असं लिहिलेलं बरं.

मग चौकशा यायला लागल्या. निम्म्या एका ओळीच्या: "सगळ्यात कमी भाव आणि कॅटलॉग पाठवा." त्या एकाच वेळी वीस कारखान्यांना गेलेल्या असतात. वहिनी सुरुवातीला प्रत्येकाला मनापासून पानभर उत्तर लिहायची. आता सगळ्यांना एकच छोटं, नम्र उत्तर जातं, त्यात चार प्रश्न: माप आणि जीएसएम काय, एका रंगाचे किती नग, कुठल्या बंदरात, आणि आयात कुणाच्या नावावर होणार? ज्याला खरंच माल हवा आहे त्याला ही उत्तरं पाठ असतात. बाकीचे बहुतेक गप्प होतात, आणि त्यांच्यावर आपली पाच मिनिटंही जात नाहीत.

चौथ्या प्रश्नासाठी आपण परदेशात असल्याचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये माल आयात करायला ईओआरआय क्रमांक लागतो. तो GB ने सुरू होतो, पुढे बारा अंक असतात, आणि खरा आहे का ते सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतं. कंपनी नोंदलेली आहे का तेही कंपनीज हाऊसवर दिसतं. सोलापुरातून हे कुणी सहसा बघत नाही, आपण चहा उकळेपर्यंत बघतो.

एका आठवड्यात आलेल्या तीन चौकशा सांगते. पहिल्याला तीन हजारांच्या भावात तीनशे "ट्रायल" हवे होते. त्याला आम्ही लिहिलं, तीनशेला तीनशेचाच भाव. वर्षभरात एकूण खरेदी तीन हजारांवर गेली तर फरक पुढच्या बिलातून वजा करू. तो परत आला नाही. दुसऱ्याने वीस हजार नगांची ऑर्डर "मंजूर" करून एक लिंक पाठवली, ती उघडण्यासाठी ईमेलचा पासवर्ड टाकायचा होता. खरी ऑर्डर साध्या पीडीएफमध्ये येते, पासवर्ड मागत नाही. वहिनीने ती चौकशी तिथेच बंद केली.

तिसरी चौकशी यॉर्कशरमधल्या, गेस्टहाऊसांना कापड पुरवणाऱ्या एका बाईंची. पांढरे ६५० नग. त्यांनी भावाआधी विचारलं, साठ अंशांवर धुतल्यावर टॉवेल किती आटतो आणि वजनात किती टक्के फरक धरायचा? वापरणाऱ्याचा प्रश्न असा असतो. नमुन्याचे आणि कुरिअरचे पैसे त्यांनी कुरकुर न करता भरले, ते पहिल्या बिलातून वळते केले. भाव २६२, बिल १,७०,३००. तीस टक्के आगाऊ, उरलेले बिल ऑफ लेडिंगची प्रत दाखवल्यावर.

या ऑर्डरवर दादाला २८,८०० रुपये सुटले. रक्कम मोठी नाही. पण माल बंदरातून निघाला त्याच आठवड्यात सगळे पैसे खात्यात होते आणि सुताच्या व्यापाऱ्याचं बिल पहिल्यांदाच वेळेवर गेलं. वहिनीने फोनवर एवढंच विचारलं, "त्या बाई परत कधी मागवतील गं?"