काले सवारे

भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले होते. पहिल्यात चाळीतल्या दाराची कडी, तिच्यात खोचलेला वहीचा चौघडी कागद आणि त्यावर ट्यूबलाइटची पांढरी तिरीप. अर्धी अक्षरं त्या उजेडात बुडालेली. दुसऱ्या फोटोत तोच कागद उलगडून, दारावर सपाट धरून, अगदी समोरून टिपलेला. चारही कडा दिसत होत्या, म्हणजे एकही ओळ कापली गेली नव्हती. तिसऱ्या फोटोत तो कागदच नव्हता. कसल्याशा छापील पावतीच्या पाठीवर भाच्याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली गुजराती अक्षरं होती. एकेक वळण जपून काढलेलं, काही अक्षरांखाली बारीक प्रश्नचिन्हं. खाली लिहिलं होतं, 'मामा, वाचता येतं का बघा. गेटवर फोन ठेवावा लागतो.'

त्या तिसऱ्या फोटोपाशी मी बराच वेळ थांबलो.

भाचा मुरबाड एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात थर्डला असतो, रात्री अकरा ते सकाळी सात. अशा ठिकाणी ज्वलनशील माल असतो, म्हणून मोबाइल आत नेता येत नाही. गेटवरच्या कपाटात जमा करायचा आणि सुटताना घ्यायचा. घरून निघताना त्याला शेजारच्या दारात ही चिठ्ठी दिसली. शेजारी वापीकडचा, टेम्पो चालवतो, चाळीत एकटाच राहतो. त्या रात्री तो माळशेज घाटापलीकडे माल टाकायला गेलेला. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फोनही बटणांचा, त्यावर फोटो जाणार नाही. भाच्याला गुजराती येत नाही. पण इतक्या रात्री कुणी चालत येऊन चिठ्ठी खोचून जातो म्हणजे काम साधं नसणार, एवढं त्याला कळलं. म्हणून गेटवर फोन जमा करण्याआधी त्याने ती उतरवून घेतली. मी तेव्हा झोपलो होतो.

नुसतं पाहताना डोळा अक्षरावरून घसरतो. उतरवताना मात्र पेन कुठे सुरू झालं, कुठे वळलं, कुठे उचललं, हे हाताला ठरवावंच लागतं. घाईत लिहिलेलं अक्षर असंच उलगडतं, हे मी मोडी शिकताना शिकलो. भाच्याला कुणी ते सांगितलं नव्हतं.

त्याने चिठ्ठी कशी लावली, ते मला नंतर सविस्तर सांगितलं. गुजरातीला डोक्यावरची रेघ नसते. ती मनाने ओढली की ग, त, न, म, व, स ही अक्षरं आपली होतात. क, ज, ब, इ मात्र परकीच राहतात. तिथे त्याला पहिल्या ओळीने हात दिला. ती ओळ आखूड होती, मधोमध लिहिलेली, आणि तिच्यातलं 'श्री' त्याला ओळखता आलं. गुजराती माणूस मधोमध 'श्री' घालून पत्राच्या डोक्यावर काय लिहील? जय श्री कृष्ण. शेजारी रोज सकाळी त्याला हेच म्हणतो. म्हणजे पहिलं अक्षर ज, शेवटच्या शब्दाचं पहिलं क. दोन परकी अक्षरं एका नमस्कारात मिळाली. ती खालच्या ओळींत जिथे जिथे होती तिथे त्याने भरली. मग त्याच्या लक्षात आलं की एक जोडी पुन्हा पुन्हा वाक्याच्या शेवटी येते. ती 'छे'. आता वाक्यं कुठे संपतात ते कळलं.

रात्री दोनच्या चहापर्यंत मजकूर असा झाला होता: 'जय श्री कृष्ण. भाई, फोन लागतो नथी. बाने दवाखाने दाखल कर्यां छे. हुं आजे रात कल्याण छुं. काले सवारे प वागे वापी जवा नीकळीश. साथे आव.'

वाचता आलं, पण अर्थ दोन ठिकाणी उलटा लागत होता. मराठी कानाला 'बाने दाखल केलं' म्हणजे बापाने कुणाला तरी दाखल केलं. पण शेजाऱ्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत, हे भाच्याला ठाऊक होतं. अर्थ माणसाशी जुळत नव्हता, तिथे तो थबकला. गुजरातीत बा म्हणजे आई, आणि आपला 'ने' करणाऱ्याला लागतो तिथे त्यांचा 'ने' ज्याच्या बाबतीत काही घडलं त्याला लागतो. आईला दाखल केलं आहे.

दुसरी जागा जास्त धोक्याची होती. 'काले सवारे' म्हणजे काल सकाळी, असंच आपण धरणार. उत्तर प्रदेशातला एक हेल्पर बाजूला चहा पीत होता. तो म्हणाला, सवारे म्हणजे सवेरे, यात शंका नको. पण काल सकाळी निघालेला माणूस आज रात्री चिठ्ठी कसा लिहील? हे सांगताना भाच्याने मला विचारलं, 'मामा, आपण परवा म्हणतो ते कुठलं? गेलेलं की येणारं?' परवा आलो, परवा येईन. आपल्यालाही शब्द सांगत नाही, क्रियापद सांगतं. चिठ्ठीतलं क्रियापद होतं नीकळीश. त्याचं शेपूट गेलेल्या काळाचं नव्हतं. दाखल 'कर्यां छे' हे झालेलं आणि 'नीकळीश' हे व्हायचं, दोन्हींची ठेवण वेगळी आहे, एवढं त्याने समोरासमोर ठेवून पाहिलं. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा भाऊ अजून कल्याणातच होता.

उरला तो एकटा 'प'. गुजराती प आणि गुजराती पाचचा आकडा यांच्यात हाताच्या लिखाणात फरक राहत नाही. र आणि दोन यांचंही तसंच. वागे म्हणजे वाजता, आणि वाजता या शब्दाच्या आधी अक्षर कशाला येईल? पाच वाजता.

शिफ्टच्या साहेबाला सांगून तो गेटवर गेला आणि फोन मागून घेतला. शेजाऱ्याचा फोन घाटात लागेना, तो टोकावड्याच्या अलीकडे आल्यावर लागला तेव्हा तीन वाजून गेले होते. भाच्याने काही समजावून सांगितलं नाही. पावतीवरची अक्षरं जशी होती तशी मोठ्याने वाचली, 'बाने दवाखाने' पासून 'साथे आव' पर्यंत. पलीकडून एवढंच आलं, 'समजी गयो, भाई.' टेम्पो तसाच सरळगाव, मुरबाड करत कल्याणला गेला.

मी चिठ्ठी पहाटे वाचली, तेव्हा ती वाचण्याची गरज उरली नव्हती. मला गुजराती अक्षर येतं ते बाजारातल्या एका किराणा दुकानामुळे. तिथे गल्ल्यावर 'मुंबई समाचार' असायचा. हे पत्र १८२२ पासून निघतं आहे, आणि एकेकाळी हीच लिपी हिशेबाच्या चोपड्यांत आणि खासगी पत्रांत चालायची. काव्य आणि ग्रंथ मात्र रेघेच्या देवनागरीत लिहीत. म्हणजे आपल्याकडे मोडी आणि बाळबोध होती तशीच वाटणी. घाईच्या कामाला एक हात, ग्रंथाला दुसरा. मोडीने रेघ टाकली नाही. उलट, आधी कागदभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. वाचणाऱ्याने कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

मी मोडी शिकलो ती आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या एका गहाणखतामुळे. गावातले एक निवृत्त तलाठी तेव्हा होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर त्यांच्या पडवीत बसायचो. त्यांनी मला बाराखडी शिकवली नाही. म्हणाले, 'खताला तोंड असतं, ते आधी ओळख.' माथ्यावर श्री. मग खत लिहून घेणार अमुक, खत लिहून देणार तमुक, कारणे खत लिहून देतो ऐसाजे. हे शब्द ठरलेले, प्रत्येक खतात त्याच जागी. तेवढे पाठ असले की कारकुनाचा हात कळतो: हा क कसा काढतो, र कुठे लपवतो, णची मान कशी वाकवतो. त्या ठरलेल्या शब्दांतून त्याची अक्षरं उचलायची आणि पुढच्या न ठरलेल्या मजकुरावर ठेवून पाहायची. भाच्याने जय श्री कृष्णवरून क आणि ज काढले, ती हीच रीत.

म्हणून मला पत्राचे मायने फार आवडतात. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, वगैरे. शाळेत ते पाठ करायला लावत तेव्हा पोरं कंटाळत. पण परक्या माणसाला अनोळखी हात वाचायचा असेल, तर ही ठरलेली वाक्यंच दार उघडतात. आता मुलं निरोपाला नमस्कारही घालत नाहीत, त्याचं मला वाईट वाटतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, आणि जुन्या दप्तरांपुढे मोडी वाचणाऱ्यांची वाण भासली. नोंदवहीला रकाने ठरलेले असतात, त्यांच्या आधाराने नवशिक्याही काही दिवसांत वाचू लागतो. खासगी पत्र तसं सुटत नाही.

त्या गहाणखतातही सगळं सुटलं नव्हतं. रक्कम, साक्षीदार, मुदत, सारं लागलं. गहाण टाकलेली जमीन भाताची नसून वरकस आहे, तेही लागलं. नाचणी-वरीची ती उताराची जमीन. पण तिच्या नावाचा शब्द अडला. तलाठीबुवांनी भिंग लावून पाहिलं, उलटा धरून पाहिला, आणि कागद घडी घालून खिशात टाकला. 'हे कागदावर नाही सुटायचं,' म्हणाले, 'चल.' आम्ही बांधाबांधाने वर गेलो. प्रत्येक तुकड्याला तेव्हा नाव असायचं, सातबाऱ्यावर नसलं तरी तोंडात असायचं. वरच्या आळीतली एक म्हातारी तिथे भेटली. बुवांनी तिला एकेक तुकडा दाखवून विचारलं, 'आजी, याला काय म्हणतात?' ओढ्याच्या वरच्याला ती म्हणाली खडकाळी, त्याच्या पलीकडच्याला भुताची, आणि करवंदीच्या जाळीजवळच्याला उंबरपट्टी. बुवांनी कागद पुन्हा काढला. त्या मोडीत जोडाक्षराच्या जागी एकच ट होता आणि इकाराची वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन मिळाली होती. उंबर, पटी. उंबराचं झाड तिथे नव्हतंच. म्हातारी म्हणाली, तिच्या सासूच्या वेळी होतं.