‘प’ आला की धप्प!

माझी मामेबहीण जन्मापासून अंध. तिने बारावीला इतिहास घेतला, आणि ‘पुस्तक मी वाचून रेकॉर्ड करतो’ असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो. रूममेटला रोज रात्री बाहेर पिटाळून सहा तासांचं वाचन केलं, सीडी पाठवली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. “दादा, हेडफोनमध्ये ‘प’ आला की कानात धप्प होतं रे! दहा मिनिटांत डोकं दुखतं.” परीक्षा तीन आठवड्यांवर.

मला ते ऐकूच आलं नव्हतं. मी तपासलं लॅपटॉपच्या स्पीकरवर, आणि तो धप्प असतो मुख्यतः १५० हर्ट्झच्या खाली. तिथे ते चिमुकले स्पीकर मुकेच!

तोंडासमोर तळहात धरून आधी ‘प’ आणि मग ‘फ’, ‘भ’ म्हणून बघा. हाताला लागतो तो हवेचा झोत. तोच माइकच्या पडद्यावर आदळतो. पॉप फिल्टर मी लावला होता (आईची भरतकामाची रिंग, त्यावर नायलॉनचा मोजा), पण माइकला अगदी चिकटवून. मग झोत पसरायला जागा कुठली? जाळी आणि माइक यांत चार बोटं अंतर हवं, जाळी आणि तोंड यांतही तेवढंच. शिवाय माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला घेऊन तोंडाकडे वळवला, की झोत सरळ पुढे निघून जातो, आवाज मात्र पोचतो.

पण झालेल्या सहा तासांचं काय? ऑडॅसिटीत झूम केल्यावर ‘पेशवे’च्या सुरुवातीला एक मोठी, संथ लाट दिसली, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढी. आधी ती सरळ कापली. पण मग ‘पाणी’चं झालं ‘आणी’! म्हणून कापायचं नाही. तेवढाच तुकडा निवडायचा, Z दाबून त्याच्या कडा शून्य रेषेवर आणायच्या (नाहीतर तिथे ‘टक्’ वाजतं) आणि High-Pass Filter लावायचा, १५० हर्ट्झ, २४ डीबी. आळस करून अख्ख्या फाइलला लावून पाहिला, तर माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पुरुषी आवाजाचा पायाच साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये, तोच उडाला.

अकरा ठिकाणी मात्र लाटेचा माथा सपाट होता. म्हणजे माइकची मर्यादाच ओलांडली गेली होती. तिथे फिल्टरने धप्प गेला, करकर राहिली. ती वाक्यं फिल्टर नीट लावून पुन्हा वाचली.

नवी सीडी गेली. चार दिवसांनी फोन. “छान झालंय. फक्त एक नाना फडणवीस अजून धपकतो. पण राहू दे, तेवढ्यामुळे तो धडा लक्षात राहतोय.”