पहिल्या अक्षराचा उंबरठा

काल रात्री दादासोबत त्याचं भाषण पुन्हा लिहिलं. रविवारी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला त्याला प्रास्ताविक करायचं आहे. मी लिहून दिलेलं पहिलं वाक्य होतं, “प्रमुख पाहुण्यांचं स्वागत करतो.” तो ‘प्र’वरच थांबला. ओठ मिटले ते उघडेनात. मी शब्द पुरवला नाही, वाट पाहिली.

मग त्यालाच विचारलं, कुठं अडतं? म्हणाला, “वाक्य प, क, ब पासून सुरू झालं की. मधे आले तर बहुतेक निघून जातात.” मराठीत शब्दांची जागा हलवता येते, हे किती बरं! “आज आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांचं मनापासून स्वागत.” प आला, पण श्वास वाहता झाल्यावर. ‘कार्यक्रमाला सुरुवात करू या’चं ‘सुरुवात करू या कार्यक्रमाला’ झालं.

पाहुण्यांचं नाव मात्र बदलता येत नाही. ते ‘ब’ने सुरू होतं. त्याच्या आधी “आजचे आपले पाहुणे” ठेवलं. तरी अडलं तर अडू दे, असं ठरलं.

आज सकाळी वेगळाच प्रकार. कालचा सोपा ‘स’ लांबत राहिला. तेव्हा कळलं, एका पक्क्या वाक्याऐवजी दुसरं पक्कं वाक्य देऊन नवा सापळाच रचलाय मी. पूर्ण वाक्यं खोडून कार्डावर फक्त मुद्दे ठेवले आणि प्रत्येकापुढं दोन-तीन सुरुवाती. त्यातली कुठली घ्यायची, ते त्यानं तिथं ठरवायचं.

शेवटी दादा म्हणाला, “‘पुस्तक’ काढू नकोस. वाचनालयात तो शब्द मला म्हणायचाच आहे, अडखळत का होईना.”

तो ठेवला.