९,३२० रुपयांचा हिशोब आणि ४ जून

४ जून २०२४. आम्ही पत्रकार बीडच्या मतमोजणीत अडकलेलो. पंकजाताई पुढे, बजरंग सोनवणे पुढे, असा खेळ रात्रीपर्यंत चालला, शेवटी ६,५५३ मतांनी सोनवणे निवडून आले. या गडबडीत माझ्या खिशातला मोबाईल काय दाखवतोय, ते दुपारी पाहिलं. पोटात गोळाच आला.

लेकीच्या फीसाठी ठेवलेले चार लाख शेअर्समध्ये होते. शेअर्समधला जाणकार असलेल्या एका गुरुजी मित्राने आधीच 'एका दिवसाची जोखीम' काढून दिली होती. पद्धत सोपी. मागच्या २५० दिवसांचे रोजचे टक्केवारीतले चढउतार एक्सेलमध्ये लिहायचे आणि खाली टाकायचं:

```
=STDEV.S(C2:C251)
```

उत्तर आलं १ टक्का. म्हणजे माझे शेअर्स एखाद्या साध्या दिवशी साधारण तेवढे वरखाली होतात. ते चढउतार घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात असं धरलं, तर १०० पैकी ९९ दिवस घसरण या आकड्याच्या २.३३ पटीच्या आत राहते. चार लाखांचा १ टक्का ४,००० रुपये, गुणिले २.३३, झाले ९,३२०.

मी ऐकलं ते असं, की जास्तीत जास्त ९,३२० जातील. चूक माझीच. तो आकडा एवढंच सांगतो की शंभरात एखाद्या दिवशी नुकसान याच्या पुढे जाईल, म्हणजे वर्षातून दोन-तीनदा. किती पुढे, याबद्दल तो गप्प असतो.

त्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्क्यांनी कोसळला. माझे गेले सुमारे २४,०००, म्हणजे ६ टक्के.

रात्री गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, त्या वक्रानुसार अशी घसरण शंभर कोटी दिवसांत एकदा. वर्षाला बाजाराचे २५० दिवस धरा, झाली ४० लाख वर्षं!"

मी म्हटलं, "आणि २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला होता, त्याचं काय?"

गुरुजी हसले. खरा बाजार त्या घंटेत मावत नाही. तिच्या कडा फार लवकर पातळ होतात आणि बाजारातले मोठे धक्के नेमके कडेलाच असतात. शिवाय आमचे २५० दिवस शांत होते, त्यात लोकसभेचा निकाल एकदाही नव्हता. १ टक्का आला तो त्या शांततेचा. वेगवेगळ्या कंपन्या घेतल्या म्हणून मी निर्धास्त होतो, पण भीती पसरली की सगळ्या एकदम खाली येतात.

एक्सेलची ती शीट अजून ठेवली आहे. आता दर महिन्याला मोजतो, नुकसान किती दिवस हद्दीबाहेर गेलं ते. वर्षात दोन-तीन असतील तर हिशोब ठीक, दहा झाले तर तो १ टक्काच खोटा. फीचे पैसे मात्र काढून एफडीत टाकलेत. बायकोने ते कधीच सांगितलं होतं, एक्सेल न उघडता.