कोण कुठे बसेल, कोण कुठे झोपेल

दोन वर्षांपूर्वी आमचे कुटुंब माळशेज घाटात गेले होते, त्या दिवसापासून माझा भाचा आमच्याबरोबर कुठेही आला नाही. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. जाताना सगळ्यांनी मिळून ठरवले की मर्द एका गाडीत बसतील, बायका-मुले दुसऱ्या गाडीत. दिसायला सोयीचे आणि अदबीचे. आमच्या सात आसनी गाडीत सात मोठी माणसे बसली, मागे भांडी आणि पाण्याचे कॅन, वर कॅरियरवर तंबू आणि चटया. घाटात गाडी वळणावर कलू लागली तेव्हा कुणीतरी हसत म्हणाले, "अरे, तू मध्ये सरक, तुझ्यामुळे गाडी एका बाजूला जाते." सगळे हसले. भाचाही हसला. पुढच्या ईदनंतर सहल ठरली तेव्हा तो म्हणाला, माझा अभ्यास आहे. त्यापुढच्या वेळीही अभ्यासच होता.

गाडी कलत होती ती त्याच्यामुळे नव्हे, हे मला फार उशिरा समजले. मागच्या वर्षी कळसूबाईला जायचे ठरले आणि गाड्यांची, तंबूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पहिल्यांदा गाडीचे कागद नीट वाचले. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन लिहिलेले असते आणि किती माणसे बसू शकतात तो आकडाही असतो. त्या आकड्यात चालक धरलेला असतो, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसते. गाडी भरल्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते कंपनीच्या पत्र्यावर किंवा पुस्तिकेत मिळते. आमच्या गाडीचे रिकामे वजन ११८० किलो आणि भरल्याचे १७८५. मधला फरक ६०५ किलो. त्या दिवशीचे सात पुरुष अंदाजे ५४० किलोचे होते आणि सामान ११० च्या आसपास. म्हणजे पेट्रोल सोडूनही पंचेचाळीस किलो जास्त. आसने सात होती, माणसेही सातच होती, तरी गाडी जड झाली, कारण सात जागा आहेत म्हणजे सात धिप्पाड माणसे आणि वर घरचा पसारा असा अर्थ होत नाही.

खरे तर गाडी त्या दिवशी आम्हाला सांगत होती, आम्हीच ऐकले नाही. पहाटे अंधारात निघालो तर समोरून येणारे सारखे डिपर मारत होते. ह्यांनी दिवे खाली केले तरी मारत होते. मागची बाजू दबली की पुढचे दिवे वर आभाळाकडे बघतात, म्हणून. प्रत्येक गतिरोधकावर मागच्या चाकाजवळ काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला. आणि कलण्याचे खरे कारण डोक्यावर होते. कॅरियरवर किती वजन ठेवायचे याची मर्यादा पुस्तिकेत वेगळी दिलेली असते आणि ती फारच थोडी असते. तेवढे वजन वर गेले की वळणावर गाडी झुलते. बिचाऱ्या पोराला मध्ये सरकवून त्यात काय फरक पडणार होता?

या वेळी आम्ही सतरा जण होतो. आमची सात आसनी गाडी, मोठ्या दिरांची पाच आसनी छोटी गाडी आणि भाड्याची एक जीप, तिचा ड्रायव्हर धरून नऊ जणांची. वजने घ्यायची म्हटल्यावर पहिली अडचण अर्थातच बायकांची. जाऊबाई म्हणाल्या, "माझे वजन मी डॉक्टरांनाही सांगत नाही." मग एक युक्ती सुचली. घरातला काटा दिवाणखान्यात ठेवला आणि प्रत्येकाने आपली भरलेली पाठपिशवी घेऊनच उभे राहायचे असे ठरवले. गाडीला माणूस किती आणि पिशवी किती याच्याशी देणेघेणे नसते, दोन्ही मिळूनच तिच्यात बसतात. आकड्यातले माणसाचे किती आणि पिशवीचे किती हे कुणालाच कळत नाही. लिहून घ्यायला मी भाच्याला बोलावले. नणंद म्हणाल्या तो येणार नाही. मी त्याला फोन करून सांगितले, "यायचे की नाही ते नंतर ठरव, पण माझी बेरीज कच्ची आहे, रविवारी येऊन आकडे मांडून दे." तो आला. सगळ्यात शेवटी स्वतः काट्यावर चढला, पाठीवर पिशवी आणि हातात दोन तंबू घेऊन. मी आकडा वाचला, तंबूंचे आठ किलो वजा केले आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो कागद आजवर तिसऱ्या माणसाने पाहिलेला नाही.

माणसे वाटताना नुसते वजन पाहून चालत नाही. खालाजान बासष्ट वर्षांच्या, गुडघे धरलेले, त्यांना पुढचीच जागा हवी, कारण मागे चढ-उतर करताना वाकावे लागते. लहान मुलांना सगळ्यात मागच्या रांगेत बसवले की कसारा घाटात उलट्या ठरलेल्या, कारण मागच्या चाकांवर धक्के जास्त बसतात आणि समोरचा रस्ता दिसत नाही. जीपच्या मागची आडवी बाके तर याहून वाईट, तिथे माणूस कडेला तोंड करून बसतो. अनोळखी ड्रायव्हरच्या जीपमध्ये तरुण मुलींना एकटे बसवायचे नाही, यावर कुणाचे दुमत नव्हते. आणि एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती पण कुणी बोलत नव्हते: जाऊबाई आणि नणंद यांचे एका लग्नातल्या मानपानावरून बिनसले होते. सलाम-दुआ चालू होती, पण चार तास खांद्याला खांदा लावून बसण्याइतके मन साफ नव्हते. यादी करणाऱ्याला हे माहीत असावे लागते आणि माहीत नसल्याचे दाखवावे लागते.

शेवटी असे जमले. आमच्या गाडीत हे चालवायला, पुढे खालाजान, मधल्या रांगेत नणंद आणि दोन्ही लहान मुली, माझी आणि त्यांची. मागच्या रांगेचे एक आसन दुमडले, दुसऱ्यावर मी. पिशव्यांसकट आम्ही सहा जण ३६३ किलो. म्हणजे या गाडीत जागाही होती आणि वजनाला वावही, म्हणून तंबू, चटया, शेगडी, शिधा आणि पाणी असे १७५ किलोचे सगळे सामान तिच्यातच, दुमडलेल्या आसनाच्या जागी खाली, जड ते तळाशी आणि दोरीने बांधून. कॅरियर घरीच ठेवला. पेट्रोलचे तीस-पस्तीस किलो धरले तरी ६०५ च्या आत राहिलो. छोट्या गाडीत मोठे दीर, जाऊबाई, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा, सतरा वर्षांची मुलगी आणि खालाजानची लेक: ३०२ किलो. त्या गाडीचा फरक ४३५ चा होता. जीपमध्ये चाचा, मामू, नंदोई आणि तीन मुले. भाचा मधल्या रांगेत खिडकीशी. त्याच्या नावापुढे मी "नकाशा" असे लिहिले होते, कारण रस्ता तोच सांगणार होता.

निघण्याआधी चाकांतली हवा पाहिली. चालकाच्या दाराजवळ एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात थोड्या माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, जास्तीचा. टायर थंड असताना भरायची, हे महत्त्वाचे.

बारी गावात संध्याकाळी पोहोचलो. कळसूबाईच्या पायथ्याचे हे गाव. १६४६ मीटरचे शिखर उजेडी चढायचे म्हणून रात्री एका शेतात मुक्काम. तंबूच्या पिशवीवर "तीन माणसे" लिहिलेले असते, पण आत मोजले तर रुंदी १८० सेंटिमीटर. म्हणजे एकाच्या वाट्याला साठ, आमच्या घरच्या दस्तरखानाची एका माणसाची जागा. पिशव्या बाहेर दवात ठेवायच्या नसतील तर त्यात दोन मोठी माणसे आणि एक मूल, एवढेच. ड्रायव्हर धरून आम्ही अठरा, हिशेबाने सहा तंबू पुरायला हवे होते, मी सात घेतले. ड्रायव्हरला कुणी मोजत नाही, तो गाडीतच अंग मुडपून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाती घाट असतो. त्याला चाचांच्या मुलाबरोबर तंबू दिला.

तीन जोडपी आपापल्या एकेका मुलासह, खालाजान दोन्ही मुलींसह. खालाजानना दाराशी, कारण रात्री दोनदा उठावे लागते आणि झोपलेल्यांना ओलांडताना काठी कुणाच्या तोंडावर पडू शकते. मामू असे घोरतात की शेजारच्या इमारतीत कळते, शिवाय तहज्जुदला उठतात आणि तंबूची चेन सगळे शेत जागे करते. त्यांच्याबरोबर चाचांना ठेवले. चाचा रात्री कानातले मशीन काढून उशाशी ठेवतात. सकाळी मी विचारले, झोप लागली का? म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, इतकी शांत जागा मी पाहिली नाही."

शेत थोडे उतरते होते. उतारावर डोके वरच्या बाजूला हवे हे सगळ्यांना कळते, पण आडवा उतार राहिलाच तर जड माणूस खालच्या बाजूला हवा, नाहीतर तो रात्रभर हलक्यावर घसरत येतो आणि दोघांचीही झोप जाते. भाचा आणि मामूंचा मुलगा एका तंबूत होते. जिवाचे दोस्त आणि वजनात छत्तीस किलोचा फरक. मी काही सांगायच्या आधी भाच्यानेच आपली चटई खालच्या अंगाला टाकली आणि म्हणाला, "मामी, हे बेरजेत नव्हते, पण मला समजले."

फजरनंतर चढलो. खालाजान खाली चुलीपाशी थांबल्या. लोखंडी शिड्यांपाशी जाऊबाईंचे पाय कापू लागले. पुढे मुले निघून गेली होती, पुरुष मागे राहिले होते, आणि त्यांच्याजवळ त्या वेळी फक्त नणंद होत्या. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दोघी वर आल्या तेव्हा एकाच बाटलीतून पाणी पीत होत्या.

परत निघताना दिरांचा मुलगा हट्टाला पेटला की मला दीदींच्या गाडीत बसायचे. मी यादी काढून विचार करते आहे तोच नणंद म्हणाल्या, "त्याला माझ्या जागी बसू दे. मी भाभींच्या गाडीत जाते." भाच्याने बोटांवर हिशेब केला, "मामी, छोट्या गाडीत चोपन्न किलो वाढतील. चालतील." मी कागदावर ३०२ खोडून ३५६ लिहिले आणि वाटेत पंप दिसताच मागच्या चाकांत हवा वाढवून घेतली.