एमआरआयने काय बदलेल?

विमा कंपनीला पत्र लिहायला बसलं की डॉक्टरचा हात आधी वेदनेच्या वर्णनाकडे जातो. ‘रुग्णाला असह्य त्रास होत आहे, तरी एमआरआयला मंजुरी द्यावी.’ वाक्य खरं असतं, पण ते वाचून कुणालाही काही ठरवता येत नाही. सायटिकात पहिले काही आठवडेच सर्वांत वाईट जातात आणि त्यानंतर बहुतेकांचा पाय शस्त्रक्रियेवाचून सुधारतो. म्हणून नुसत्या दुखण्याच्या तीव्रतेवरून तपासणीची गरज सिद्ध होत नाही. माझ्या पत्रात मी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: या चित्रामुळे उपचारात काय बदलेल?

हा प्रश्न माझा नाही. कंबरदुखी आणि सायटिकासाठी ‘नाइस’ने नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली. तज्ज्ञाकडे आलेल्या रुग्णाचीही प्रतिमा-तपासणी निकालामुळे उपचार बदलण्याची शक्यता असेल तरच करावी, असं ती सांगते. ब्रिटनमध्ये एनएचएसचे डॉक्टर हीच मार्गदर्शिका वाचतात आणि खासगी विमा कंपनीत बसून दावे तपासणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांनाही ती ठाऊक असते. पत्र त्यांच्यासाठी लिहायचं तर त्यांना परिचित असलेल्या तर्कानेच लिहायला हवं.

एक उदाहरण घेते. तपशील अनेक रुग्णांचे मिळून आहेत, माणूस कुणी एक नाही. वय ४६, मिडलंड्समधल्या एका गोदामात शिफ्ट मॅनेजर, मूळचा सांगलीकडचा. विमा नोकरीबरोबर मिळालेला. दहा आठवड्यांपूर्वी खोकं उचलताना कंबरेत चमक भरली आणि दोन दिवसांत कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या भागावर, थेट अंगठ्यापर्यंत उतरली. “मॅडम, इन्शुरन्स आहे ना, मग एमआरआय करून टाका. एकदाचं कळू दे काय ते,” तो म्हणाला. त्याची घाई मला कळते. पण विमा आहे, हे तपासणीचं कारण होऊ शकत नाही आणि ‘कळू दे’ हेही पुरेसं नाही.

पत्राचा पहिला मोठा परिच्छेद आधीच्या उपचारांचा. ‘फिजिओथेरपी आणि गोळ्यांनी गुण आला नाही’ एवढं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात लगेच शंका उभ्या राहतात. किती फिजिओ? गोळ्या कोणत्या, किती दिवस? रुग्णाने त्या घेतल्या का? म्हणून मी लिहिते: सात आठवड्यांत फिजिओची सहा सत्रं झाली, घरचा व्यायाम रोज केला, फिजिओथेरपिस्टच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जठराच्या संरक्षणाच्या गोळीसह, तीन आठवडे. उपयोग न झाल्याने थांबवलं. काय दिलं नाही आणि का, हेही लिहिते. गॅबापेंटिन दिलं नाही, कारण २०२० पासून ‘नाइस’ सायटिकासाठी ते देऊ नका म्हणते. हे न लिहिल्यास एखादा वाचक ‘आधी तेही करून पाहा’ असं उत्तर पाठवू शकतो.

गुण आला नाही, हे मोजूनही दाखवावं लागतं. त्यासाठी मी ऑस्वेस्ट्रीची प्रश्नावली वापरते. श्रॉपशायरमधल्या ऑस्वेस्ट्री गावच्या अस्थिरोग रुग्णालयात ती तयार झाली आणि १९८० साली प्रसिद्ध झाली. बसणं, चालणं, झोपणं, वजन उचलणं असे दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण आणि बेरजेची टक्केवारी. टक्केवारी जितकी जास्त तितकं अपंगत्व जास्त. आमच्या रुग्णाची फिजिओच्या सुरुवातीला ४४ होती, शेवटी ४२. साधारण दहाचा फरक पडला तर रुग्णाला खरोखर बरं वाटतंय असं धरतात. दोनच्या फरकाला अर्थ नाही. ‘खूप त्रास’ या शब्दांवर वाद घालता येतो, या दोन आकड्यांवर घालणं अवघड जातं.

दुसरा परिच्छेद मी हाताने काय तपासलं त्याचा, आणि माझ्या मते पत्राचा सगळा भार यावरच असतो. गुडघा न वाकवता डावा पाय ४० अंशांपर्यंत उचलताच कळ पावलात जाते. पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याशेजारच्या बेचक्यात स्पर्श कमी लागतो. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आहे, म्हणजे पहिल्या त्रिकास्थी मुळाकडे बोट जात नाही. आणि अंगठा वर उचलण्याची ताकद पाचपैकी चार. ही मोजपट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नसांच्या जखमा तपासण्यासाठी रूढ केली. पाच म्हणजे पूर्ण ताकद. चार म्हणजे अंगठा उचलला जातो, पण माझ्या बोटाच्या दाबापुढे हरतो. तीन म्हणजे नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलण्यापुरती. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने पाच नोंदवले होते, दहाव्या आठवड्यात मला चार मिळाले. उपचार चालू असताना ताकद एका पायरीने उतरली, हे या पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य. ते मी परिच्छेदाच्या पोटात न ठेवता सुरुवातीलाच घालते, तारखांसह.

यात फसगत होण्याची एक जागा आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेवरून जाणारी नस दबली, तरी अंगठा असाच कमजोर होतो. मग कंबरेचा एमआरआय काय कामाचा? फरक पावलात सापडतो. कण्यातलं पाचवं कटिमूळ दबलं असेल तर पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकदही घटते आणि कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं जड जातं. गुडघ्याशी नस दबली असेल तर या दोन्ही हालचाली शाबूत राहतात. आमच्या रुग्णात दोन्ही किंचित कमी होत्या. पत्रात ही एक ओळ असली की ‘कंबरच का?’ या शंकेला जागा उरत नाही.

तिसरा परिच्छेद जर-तरचा. मी मागते तो कंबरेच्या कण्याचा, शिरेतून रंगद्रव्य न देता केलेला एमआरआय. तिथे आधी शस्त्रक्रिया झालेली नसल्याने रंगद्रव्याची गरज नाही आणि लक्षणं एका पायापुरती असल्याने संपूर्ण कण्याचीही नाही. साध्या एक्स-रेत नस आणि चकती दिसतच नाहीत. पुढे लिहिते: चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती डाव्या पाचव्या मुळावर दाब देत असेल, तर त्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याचा विचार आणि सोबत शल्यविशारदाचं मत. दाब खाली, नस मणक्यांच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते तिथे असेल, तर इंजेक्शनची जागा आणि शस्त्रक्रियेची वाट दोन्ही बदलतील. दाब कुठेच नसेल, तर इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही. नसांच्या वहनाची चाचणी करून गुडघ्याकडे पाहायचं. तीन निकाल, तीन वेगळे रस्ते. तिन्ही निकालांनंतर मी एकच उपचार देणार असेन, तर हे पत्र मी लिहूच नये.

तपासणी गरजेची आहे एवढं पटलं म्हणून मंजुरी मिळतेच असं नाही. ब्रिटनमधला खासगी विमा तात्पुरत्या, उपचाराने बऱ्या होणाऱ्या आजारांसाठी असतो. दीर्घकालीन आजार आणि पॉलिसीआधीच्या तक्रारी बहुधा त्याबाहेर ठेवलेल्या असतात. इथे जीपीच्या नोंदीतली एक ओळ आडवी येऊ शकते: चार वर्षांपूर्वी ‘कंबरदुखी’. ती गाळण्याचा मोह व्हावा असा प्रसंग. पण जनरल मेडिकल कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे: सही केलेल्या कागदात दिशाभूल नको आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम गाळायची नाही. शिवाय कंपनी जीपीच्या नोंदी मागवू शकतेच, मग गाळलेली ओळ सगळ्या पत्राला संशयित करते. मी ती लिहिते आणि वेगळी करून दाखवते: तेव्हाचं दुखणं कंबरेपुरतं होतं, पायात कळ नव्हती, दोन आठवड्यांत थांबलं, त्यानंतर नोंद नाही. आताचं दुखणं कोणत्या तारखेला सुरू झालं, हेही. ते पॉलिसीत बसतं की नाही हे ठरवणं कंपनीचं काम. नकार पटला नाही तर तक्रार रुग्णाने करायची. आठ आठवड्यांत निकाली लागली नाही किंवा अंतिम उत्तर पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं.

एका प्रसंगी हे पत्र लिहायचंच नसतं. लघवी अडली, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांत कळ उतरली किंवा पाऊल झपाट्याने लुळं पडू लागलं, तर विम्याच्या क्रमांकाची वाट न पाहता थेट एनएचएसच्या आपत्कालीन विभागात पाठवायचं. आमच्या रुग्णाला यातलं काही नव्हतं, आणि ‘नव्हतं’ हे मी पत्रात लिहिते. तसं झालं तर काय करायचं, हे मात्र मी त्याला समोर बसवून सांगते.

मंजुरी मिळाली आणि अहवाल आला. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती डाव्या पाचव्या मुळावर दाबलेली. शिवाय वरच्या चकतीला फुगवटा, खालची चकती सुकलेली, मागच्या सांध्यांची झीज. रुग्णाने अहवाल आधीच वाचला होता. “मॅडम, एकाच्या ऐवजी चार दुखणी निघाली की!” मी त्याला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याबद्दल सांगितलं. त्यात कंबर न दुखणाऱ्या ३,११० जणांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. विशीतही ३० टक्के लोकांना चकतीचा फुगवटा होता, ऐंशीत ८४ टक्क्यांना. कंबरेचा स्कॅन रिकाम्या हाताने क्वचितच परत येतो.

म्हणूनच मला तो जर-तरचा परिच्छेद विमा कंपनीइतकाच स्वतःसाठी लागतो. कोणत्या निकालाला मी महत्त्व देणार आणि कोणत्याला नाही, हे चित्र पाहण्याआधीच माझ्या सहीने लिहून झालेलं असतं. त्यामुळे अहवालातल्या चारपैकी कोणत्या ओळीवर उपचार करायचा हा प्रश्न उरला नाही. पहिली ओळ त्याच्या अंगठ्याशी, बधिर बेचक्याशी आणि ४० अंशांशी जुळत होती. तिच्यासाठी इंजेक्शनची मंजुरी मागितली आणि शल्यविशारदाला लिहिलं. उरलेल्या तीन ओळींसाठी मी काही मागितलं नाही. आणि ते का मागत नाही, हेही त्या दुसऱ्या पत्रात एका वाक्यात लिहिलं, म्हणजे पुढे कुणी डॉक्टर तोच अहवाल उघडून त्या तिघींच्या मागे लागणार नाही.